मदत हवी आहे: शिष्यवृत्तीच्या निबंधात 'मी केलं' किती म्हणावं?

नमस्कार मंडळी, चेव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी नेतृत्वावरचा निबंध लिहितेय. मी जालना जिल्ह्यात एका संस्थेसाठी पाणलोटाचं काम करते. एका गावात विहिरींची पाणीपातळी मोजायला सुरुवात केली, पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडला आणि ग्रामसभेत तो समजावला. बऱ्याच शेतकऱ्यांनी रब्बीत गव्हाऐवजी हरभरा पेरला. पुढच्या उन्हाळ्यात टँकर लागला नाही.

पहिल्या मसुद्यात मी लिहिलं, 'टीमने गावाला मदत केली.' वाचणाऱ्याला माझं काम दिसतच नाही. मैत्रिणीने सुचवलं, 'मी गाव टँकरमुक्त केलं.' ते मला लिहवत नाही, कारण त्या वर्षी पाऊसही बरा झाला होता आणि बंधाऱ्यांचा गाळ गावकऱ्यांनी काढला होता. आपण दुसऱ्यांचं श्रेय घेतोय असं सतत वाटतं.

आता प्रत्येक क्रियापदाला विचारते: हे कोणी केलं? 'मोजणीची पद्धत मी बसवली, ताळेबंद मी मांडला, विरोध करणाऱ्या बागायतदारांशी मी बोलले. पीक बदलायचा निर्णय ग्रामसभेचा.' असं लिहिलं की मन शांत राहतं, कारण यातलं प्रत्येक वाक्य सरपंचांसमोर वाचता येईल.

अडतेय शेवटाशी. चांगल्या पावसाचा उल्लेख निबंधातच करावा, की मुलाखतीत विचारलं तर सांगावं? न लिहिणं मला लपवाछपवी वाटते, लिहिलं तर दावा पातळ होईल अशी भीती. ज्यांनी असे निबंध लिहिलेत किंवा तपासलेत, त्यांनी हे वाक्य कसं बांधलं असतं?