प्रतिसाद: मागून धडकणारा आणि अचानक थांबणारा

> "सात रस्त्याजवळ पुढच्याने खचकन ब्रेक मारला, माझी गाडी त्याच्यावर आदळली. ब्रेक त्याने मारला, मग चूक माझी कशी?"

कारण पुढचा कधीही थांबू शकतो, हे गृहीत धरूनच अंतर ठेवायचं असतं. २०१७ च्या वाहनचालन नियमांतही तेच आहे. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. पुढचे लाल दिवे दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक-दीड सेकंद जातोच, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच १७ ते २५ मीटर संपले. आपल्याकडे तर मध्ये रिक्षा घुसेल म्हणून कोणी दोन मीटरही सोडत नाही!

पण हे काही प्रत्येक वेळी चालत नाही. कोइमतूरजवळ हायवेवर एका कारवाल्याने कोणताही इशारा न देता गाडी थांबवली. मागचा दुचाकीस्वार तिच्यावर आदळून पडला आणि मागून आलेल्या बसखाली त्याचा पाय गेला. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारवाल्यावर ५० टक्के, बसवर ३० आणि दुचाकीस्वारावर २० टक्के जबाबदारी टाकली. त्याचा वाटा शून्य झाला नाही, कारण त्यानेही पुरेसं अंतर ठेवलं नव्हतं.

गळीत हंगामात रात्री पंढरपूर रोडला विनारिफ्लेक्टर उसाची ट्रॉली उभी असेल, तर मागच्याची बाजू आणखी भक्कम होते. मात्र ट्रॉली हलवण्याआधी तिच्या मागच्या बाजूचे फोटो काढा आणि रिफ्लेक्टर, दिवे नव्हते हे पंचनाम्यात लिहून घ्या. नंतर रिफ्लेक्टर चिकटवायला पाच मिनिटं लागतात.