विषय: बाबांच्या फोनच्या हेडफोनच्या भोकात पिनचं टोक अडकलंय (सध्या पुण्यात)

प्रेषक: मृणाल

मंडळी, नमस्कार. मी महिनाभर पुण्यात, कर्वेनगरला बाबांकडे आले आहे. हेडफोन लावलेला असताना फोन त्यांच्या हातून पडला आणि पिनचं पुढचं टोक आतच तुटून राहिलं. फोनला वाटतंय हेडफोन लावलेलाच आहे, वर त्याचं चिन्ह जात नाही. कॉल आला की बाबा बोलतात ते पलीकडे ऐकू जातं, पण पलीकडचं यांना ऐकू येत नाही. दर वेळी स्पीकर दाबून द्यावा लागतो आणि मग सगळी सोसायटी ऐकते. जवळच्या दुकानात दाखवलं, तर तो म्हणतो आतला बोर्डच बदलावा लागेल. चिमटा आत जात नाही. घरी काही करता येईल का?

प्रेषक: आनंद

सोप्पं आहे. भोकात फेविक्विकचा एक थेंब सोडायचा, टूथपिक घालायची, वाळलं की ओढायचं. मी यूट्यूबवर पाहिलंय. नाहीतर जोरदार लोहचुंबक लावून बघ, पिन धातूचीच असते.

प्रेषक: सुलभामावशी

मृणाल, माझ्या फोनचंही असंच झालं होतं गं, वायर हलवली की चार्जिंग थांबायचं. मी टाचणीने आतला कापूस काढला आणि सुरू झालं. टाचणीने करून बघ.

प्रेषक: शिरीषकाका

मृणाल, टाचणी नको आणि थेंब तर मुळीच नको. मावशी, तुमचं चार्जिंगचं भोक होतं, तिथे कचरा साचतो. इथे धातूचा तुकडा आहे आणि आतल्या स्प्रिंगने तो धरून ठेवलाय. टोकाला जी बारीक मान असते तिच्यात ती स्प्रिंग बसते. आपण पिन घालतो तेव्हा 'टक' होतं ते याचंच. टाचणीने कुरतडलं तर तुकडा निघत नाही, स्प्रिंग मात्र वाकते. आणि आत ढकलून उपयोग नाही, बहुतेक फोनमध्ये मागची बाजू बंद असते.

आनंदचं निम्मं बरोबर आहे, गोंदानेच निघेल. पण गोंद भोकात सोडायचा नसतो. तो इतका पातळ असतो की तुकड्याच्या कडेने आपोआप आत ओढला जातो, आणि एकदा स्प्रिंगवर गेला की टोक आणि फोन जन्माचे सोबती. चुंबकाचं म्हणशील, तर पिन पितळेची असते आणि वर निकेलचा पातळ मुलामा. चुंबकाला एवढ्याने काही होत नाही.

मला एक सांग. हातात उरलेली पिन टाकून तर दिली नाहीस ना? तिचं तुटलेलं तोंड उजेडात बघ. मधोमध भोक दिसतंय, बारीक दांडी बाहेर आलेली दिसतेय, की सपाट आहे?

प्रेषक: मृणाल

आहे, बाबांनी पुराव्यासारखी डबीत ठेवली आहे. मधोमध बारीक भोक आहे.

प्रेषक: शिरीषकाका

नशीब चांगलं आहे. पिनच्या पोटातून एक दांडी गेलेली असते आणि टोक तिच्यावर बसलेलं असतं. तुझ्या पिनमध्ये भोक राहिलं, म्हणजे दांडी टोकाबरोबर गेली आणि ती आतून आपल्याकडे तोंड करून उभी आहे. टॉर्चने बघ, मध्यभागी चमकदार ठिपका दिसेल. पिन साधारण 14 मि.मी. लांब असते, म्हणजे उरलेला तुकडा जवळजवळ एक सेंटीमीटर खोल असेल. उलटं असतं, म्हणजे दांडी तुझ्या हातात राहिली असती, तर त्या टोकाच्या भोकात टूथपिक रुतवावी लागली असती. सपाट तुटलं तर सगळ्यात वाईट, तिथे गोंदाला धरायला काही नसतं.

तुला लागेल साध्या बॉलपेनची प्लास्टिकची रिकामी रिफिल. जाड धातूची चालणार नाही. भोक 3.5 मि.मी.चं आहे, रिफिल त्याहून बारीक हवी आणि आतून दांडीवर चढायला हवी. आधी जुन्या रेडिओच्या हेडफोनच्या भोकात घालून बघ, सैल जाते का. शाई नसलेलं टोक ब्लेडने काटकोनात काप, तिरकं कापलंस तर एकाच बाजूला टेकेल. आतला शाईचा अंश काडीला स्पिरिट लावून पूस.

फोन बंद कर. मग भोक जमिनीकडे करून फोन कुणाला तरी धरायला सांग आणि रिफिल खालून वर घाल. गोंद ओघळलाच तर बाहेर येईल, आत नाही. गोंद जेल प्रकारचा घे. मोहरीच्या दाण्याहून कमी, आणि तोही रिफिलच्या आतल्या कडेला, बाहेर नाही. रिफिल दांडीवर टेकव, हलकेच दाब आणि अजिबात फिरवू नकोस. ट्यूबवर सेकंद लिहिलेले असतात, पण तू रात्रभर ठेव. सकाळी सरळ ओढ, एकदम हिसका न देता.

प्रेषक: आनंद

काका, रिफिल गरम करून दांडीवर दाबली तर? वितळून घट्ट धरेल, गोंदच नको.

प्रेषक: शिरीषकाका

धरेल, पण गरम रिफिल जिला घासत जाईल ती भोकाची आतली बाजूही प्लास्टिकचीच आहे. शिवाय किती तापलं ते समजायला मार्ग नाही. मी स्वतः करत नाही. करणारे करतात आणि कधी जमतंही.

प्रेषक: मृणाल

निघालं!!! पहिल्यांदा रिफिल रिकामीच बाहेर आली. तोंडात गोंदाची पातळ चकती होती आणि तिच्यावर दांडीचा गोल ठसा, म्हणजे टेकली बरोबर होती पण पकड कमी पडली. मग काकांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या रिफिलचं टोक पॉलिश पेपरची सुरळी करून आतून घासून खरखरीत केलं, बाबांच्या नेलकटरची कानसही वापरली. या वेळी ओढताना 'टक' झालं आणि पितळी टोक रिफिलला लटकून बाहेर आलं. बाबांनी तेही डबीत टाकलं.

पण एक आहे. हेडफोनचं चिन्ह अजून अधूनमधून येतं. कॉल नीट ऐकू येतात, पण फोन खिशात हलला की येतं.

प्रेषक: शिरीषकाका

शाब्बास. पिन आहे की नाही हे फोनला कळवणारा एक छोटा संपर्क टोकाजवळच असतो. इतके दिवस तो दाबून राहिला होता. एक चांगली पिन घालून-काढून बघ, सावकाश, बऱ्याचदा स्प्रिंग परत जागेवर येते. नाही आली तर दोन शक्यता. स्प्रिंग थकली असेल किंवा गोंदाचा कण चिकटला असेल. इतक्या लांबून मी सांगू शकत नाही. अॅसिटोन आत घालू नकोस, गोंद विरघळतो तसं प्लास्टिकही.

तपकीर गल्लीत दोन-तीन ठिकाणी दाखव, पण बोर्ड बदलायला लगेच हो म्हणू नकोस. विचार, हेडफोनचं सॉकेट चार्जिंगच्या छोट्या पट्टीवर आहे की मुख्य बोर्डावर. काही फोनमध्ये ते सुटंच असतं, मग तेवढंच बदलतात. फोन पाण्यापासून सुरक्षित असल्याचं सांगत असतील, तर उघडल्यावर ती हमी गेली असं समज.

प्रेषक: मृणाल

पिन घालून-काढून पाहिली, कमी झालंय, गेलं नाही. बाबा म्हणतात एवढं चालतं, उघडायचं नाही. मी शनिवारी तपकीर गल्लीत विचारून येते.

प्रेषक: सुलभामावशी

विचारशीलच तर माझ्या चार्जिंगचंही विचार गं, पुन्हा थांबतंय.