जिनिंगच्या सेठला फी वाढीचं पत्र: किती आधी द्यावं, काय लिहावं?

तालुक्याचा हिशेबवाला: यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी हिशेब आणि जीएसटीचं काम करतो. एका जिनिंगचं काम एप्रिल २०२१ पासून महिना सहा हजारावर आहे, एकदाही वाढवले नाहीत. हंगामात आता महिन्याला १४०-१५० बिलं निघतात. १ एप्रिल २०२६ पासून आठ हजार करायचे आहेत. पेट्रोल, ऑफिसचं भाडं, पोराचा पगार वाढला, असं लिहून मार्चअखेर पत्र द्यायचं म्हणतो. चालेल का?

सरकीवाला: मी त्या बाजूचा, जिनिंगवाला. असं पत्र मला आलं तर मी पहिल्याच ओळीवर अडेन. तुमचं पेट्रोल वाढलं, माझं नाही वाढलं का? आणि पाच वर्षं गप्प बसून एकदम तेहतीस टक्के! मार्चअखेर सांगणं म्हणजे विवरणपत्रं, ऑडिट सगळं तुमच्या हाती असताना मान धरणं झालं.

जुना हिशेबनीस: सरकीवाल्यांचं रागावणं बरोबर, हिशेब मात्र अर्धा. दरवर्षी सहा टक्के वाढवले असते तर सहा हजाराचे पाच वाढींत आठ हजार एकोणतीस झाले असते. रक्कम वाजवी आहे, चूक ती साठवून ठेवण्यात झाली.

कारण मात्र सेठच्या वहीतलं द्या. कापूस खरेदीवरचा रिव्हर्स चार्ज पत्रात घालू नका, तो २०१७ पासूनच आहे. सेठ म्हणेल, हे तर २०२१ लाही होतं. खरं वाढलेलं काम म्हणजे ई-इन्व्हॉइस. पाच कोटींच्या वरच्या उलाढालीला ते १ ऑगस्ट २०२३ पासून लागलं. गाठी किंवा सरकीचा ट्रक गेटवर उभा असतो आणि तुमचा फोन वाजतो, हे सेठला आठवतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असं द्या:

> सेठजी, सादर नमस्कार. एप्रिल २०२१ पासून आपलं काम महिना ६,००० रुपयांवर चालू आहे. ऑगस्ट २०२३ पासून आपल्या विक्री बिलांचं ई-इन्व्हॉइसही आम्हीच काढतो, हंगामात महिन्याला सुमारे १४०. हे काम आधीच्या बोलीत नव्हतं. म्हणून १ एप्रिल २०२६ पासून फी महिना ८,००० रुपये राहील. मार्च २०२६ पर्यंतच्या काळाचं काम, वार्षिक विवरणपत्र धरून, नंतर केलं तरी जुन्याच दरात. पुढे दर एप्रिलला ६ टक्के वाढ. मान्य नसल्यास फेब्रुवारीअखेर कळवावं. मार्चपर्यंतचं काम पुरं करून वह्या व पासवर्ड आपल्या हाती देऊ.

जुन्या कामाची ओळ विसरू नका. मार्चपर्यंतच्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र डिसेंबरपर्यंत चालतं. ते कोणत्या दरात, हे लिहिलं नाही की दिवाळीनंतर भांडण ठरलेलं. पत्र स्वतः नेऊन द्या, दुसऱ्या प्रतीवर सही घ्या. नुसतं व्हॉट्सॲप केलं की 'पाहिलंच नाही' हे उत्तर तयार असतं.

वणीकर: कायद्यानं एक महिन्याची नोटीस पुरते, तीन महिने कशाला? आणि सेठ दहा टक्के टीडीएस कापतो, तेवढे आधीच वाढवून मागा.

जुना हिशेबनीस: बोली तोंडी असेल तर ठरलेला महिना-बिहिना काही नाही, लेखी करारात जे असेल ते. तीन महिने मी सेठला दुसरा माणूस शोधायला वेळ मिळावा म्हणून म्हणतो. आणि टीडीएस तुमच्याच नावावर जमा होतो, आपल्या विवरणपत्रात वळता करा किंवा परत मागा. तो फीत भरून मागितला तर सेठ हसेल.

बांधावरचा: बाप्पा, आमच्याकडं सालगड्याचं साल गुढीपाडव्याला बदलते, पण बोली आधीच होते. पाडव्याच्या दिवशी मी म्हटलं, 'पंधरा हजार वाढव', तं मालक म्हणे, 'कालच काहून नाही बोलला?' त्या साली जुन्याच पैशात राबलो.

सरकीवाला: बांधावरचे भाऊ मुद्द्याचं बोलले. पत्र आता मला पटतं, एक ओळ सोडून. दर एप्रिलला सहा टक्के आपोआप कशाला? कापूस कमी आला आणि बिलं सत्तरवर आली, तर फी कमी होईल का?

तालुक्याचा हिशेबवाला: वह्या तर वर्षभर लिहाव्याच लागतात, सेठजी. पण बिलं शंभराच्या खाली गेली तर ती वाढ त्या वर्षी नाही, असं घालता येईल.

जुना हिशेबनीस: घालू नका. दरवर्षी बिलं मोजत बसाल.

सरकीवाला: मंग मीच मोजतो, माझीच बिलं आहेत.