पाच वर्षांची अट, सात महिने कमी म्हणून नकार. फेरविचाराचा ईमेल कसा लिहू?

गर्डरवाला: एका कन्सल्टन्सीत ब्रिज इंजिनिअरसाठी अर्ज केला होता. आज नकार आला, 'किमान ५ वर्षांचा अनुभव पूर्ण होत नाही.' माझी ४ वर्षे ५ महिने झालीत, पण काम बघितलं तर पाच वर्षांवाल्यांपेक्षा जास्तच. पाइल, पीएससी गर्डर, सगळं केलंय. भांडखोर न वाटता हे कसं सांगू? लवकर सांगा, आज रात्रीच पाठवायचंय.

नाशिककर_७७: जाहिरातीची तारीख बघा. अनुभव अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंतच धरतात. आयोगाला निवेदन द्या, नाही ऐकलं तर मॅट आहेच. माझ्या मेहुण्याचं असंच झालं होतं, त्याची फाईल तर...

गर्डरवाला: काका, सरकारी नाही हो. खासगी कन्सल्टन्सी आहे.

साइटवरचा_सुऱ्या: सात महिने वाढवून टाक की. कोण बघतंय?

देशपांडे_पीएमसी: सुऱ्या, पीएफच्या सर्व्हिस हिस्ट्रीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते. पडताळणीत सापडला तर ही नोकरी जाईलच, पण हातातलीही जाऊ शकते.
गर्डरवाला, आधी सांग: अट कंपनीची की क्लायंटची? हायवेच्या टेंडरमध्ये 'की पर्सनेल'ची, म्हणजे मुख्य पदांवरच्या माणसांची, अट क्लायंटने घातलेली असते, तुझा सीव्ही त्यांच्याकडे मंजुरीला जातो. तिथे एचआरला मनात असूनही काही करता येत नाही.

गर्डरवाला: जाहिरातीत क्लायंटचं नाव नाही. 'पुलाच्या कामाचा किमान ५ वर्षांचा अनुभव' एवढंच.

देशपांडे_पीएमसी: 'पदवीनंतरचा' असं लिहिलंय का?

गर्डरवाला: नाही. का? डिप्लोमानंतर वर्षभर एका पुलावर सुपरवायझर होतो, ऑगस्ट २०१७ ते जुलै २०१८. मग थेट दुसऱ्या वर्षाला डिग्री. फॉर्ममध्ये पदवीनंतरचाच रकाना होता.

रेश्मा_क्यूसी: अरे, हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं ना!

देशपांडे_पीएमसी: मग तुझा मुद्दा 'मी जास्त काम केलंय' हा नाहीच. एक वर्ष मोजायचं राहिलंय. ते धरलं तर ५ वर्षे ५ महिने होतात. अट शिथिल करा म्हणू नकोस, हा काळ धरता येईल का एवढंच विचार. त्यांना नियम मोडावा लागत नाही, म्हणून हो म्हणणं सोपं जातं.

लिंक्डइन_लीलाधर: एचआरला पाइल म्हणजे काय ते तरी कळतं का? थेट ब्रिज हेडला मेसेज कर. मला असंच काम मिळालं.

रेश्मा_क्यूसी: आणि एचआरला डावललं म्हणून माझा अर्ज बंद झाला, तेही ऐक. ज्या ईमेलवर नकार आला त्यालाच उत्तर द्यावं, हेडचा पत्ता माहीत असेल तर सीसी.

लिंक्डइन_लीलाधर: सीसी कोण वाचतं हो!

गर्डरवाला: हा मसुदा बघा: 'आपण माझ्या प्रकल्पांचा विचार न करता केवळ महिने मोजलेत. आमच्या टीमने दोन उड्डाणपूल वेळेत पूर्ण केले आहेत. कृपया योग्य तो न्याय द्यावा.'

देशपांडे_पीएमसी: पहिलं वाक्य म्हणजे आरोप आहे, ते काढ. 'न्याय' कोर्टात मागतात. आणि 'आमच्या टीमने' यातून तू काय केलंस ते कळत नाही. मी असं लिहीन, इंग्रजी तू कर:

'आपला ईमेल मिळाला. ५ वर्षांची अट लक्षात घेऊन एक माहिती कळवतो. अर्जात पदवीनंतरचाच काळ नोंदवता येत होता. त्याआधी ऑगस्ट २०१७ ते जुलै २०१८ मी पुलाच्या कामावर सुपरवायझर होतो, अनुभवपत्र जोडले आहे. हा काळ धरता येईल का, कृपया कळवावे. सध्याच्या कामात १२०० मिमी व्यासाच्या पाइलच्या बोअरिंग आणि काँक्रीटच्या नोंदी, तसेच ४० मीटर गर्डरच्या स्ट्रेसिंगवेळी इलाँगेशन तपासणे ही जबाबदारी माझी आहे. अट क्लायंटची असल्यास दुसऱ्या पदासाठी माझा सीव्ही ठेवावा ही विनंती.'

आकडे मी अंदाजाने घातलेत, तुझे खरे घाल. दोनच कामं, जाहिरातीत मागितलेली. सगळी यादी दिलीस की परत वाद घातल्यासारखं वाटतं.

साइटवरचा_सुऱ्या: इलाँगेशन लिहिलंस तर मुलाखतीत हमखास विचारतील, हिशोबाच्या आकड्यापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त फरक आला तर काय केलंस. उत्तर तयार ठेव.

गर्डरवाला: ते येतं, एकदा केबल परत स्ट्रेस केली होती. पण २०१७ च्या ठेकेदाराने पीएफ कापलाच नव्हता. नुसतं लेटरहेडवरचं पत्र आहे. चालेल?

रेश्मा_क्यूसी: पगार बँकेत जमा व्हायचा का? त्या वर्षाचं स्टेटमेंट काढून ठेव. विचारल्याशिवाय जोडू नकोस.

गर्डरवाला: निम्मा बँकेत, निम्मा रोख.

देशपांडे_पीएमसी: बँकेत नियमित दिसत असेल तर बहुतेक पुरेल. पण त्यांचा पडताळणीवाला कोण आहे त्यावर आहे, मी खात्री देणार नाही. आणि आज रात्री नको, उद्या सकाळी पाठव.

नाशिककर_७७: पण मेहुण्याच्या फाईलचं पुढे काय झालं ते ऐका तरी...