मावळतीच्या फोटोतला फ्लेअर: ठेवावा की टाळावा?

खाडीकाठ: ऐरोलीहून होडीने जाऊन मावळतीला रोहित पक्ष्यांचे फोटो काढले. सूर्य चौकटीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात आहे. सगळ्या फोटोवर पिवळसर धुरकटपणा आला आहे आणि उजवीकडे खाली एका पक्ष्याच्या अंगावर हिरवट बहुकोनी डाग पडला आहे. सोबतचे म्हणतात की यातच फोटोचा जीव आहे. मला हा फ्लेअर दोष वाटतो. ठेवावा का?

मुलुंडवाला: हा दोष लेन्सचा नाही, हवेचा आहे. थंडीत संध्याकाळी खाडीवर धूसर थर साचतो आणि सूर्यासमोर तो उजळतो. संपादनात धुरकटपणा कापणारी ‘डीहेझ’ पट्टी वाढवा, काम होईल.

जुनी काच: हवेतला थर असतोच, परंतु तो अंतराबरोबर वाढतो, म्हणजे पलीकडच्या इमारती फिकट दिसतील, पण होडीची जवळची काळी कड काळीच राहील. इथे ती कडही तपकिरी झाली आहे, यावरून बराचसा धुरकटपणा लेन्सच्या आत तयार झाला आहे असे मला वाटते. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे 4% प्रकाश परततो. चांगल्या बहुस्तरीय लेपाने तो अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतो, तरी झूम लेन्समध्ये असे पृष्ठभाग वीस-पंचवीस सहज असतात आणि सूर्य इतका प्रखर असतो की परतलेला तेवढा अंशही सावल्यांवर पसरायला पुरतो. पुढच्या काचेवर बोटाचा तेलकट ठसा असेल तर यात आणखी भर पडते.

जागेवरच खात्री करायची असेल तर चौकट न हलवता हात लांब करून फक्त सूर्यबिंब झाका. काळे रंग लगेच परत आले तर धुरकटपणा लेन्सचा, तसेच राहिले तर हवेचा. हे कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहावे. टेलिफोटो लावलेल्या आरशाच्या कॅमेऱ्यातून सूर्याकडे थेट पाहणे डोळ्यांना घातक आहे.

हिरवा डाग ही वेगळी गोष्ट आहे. सूर्य, चौकटीचे केंद्र आणि तो डाग साधारण एका रेषेत सापडतील, आणि बहुकोन हा अॅपर्चरच्या पात्यांचा आकार आहे. म्हणून कॅमेरा किंचित वळवला की डाग पक्ष्यावरून सरकतो. अॅपर्चर बारीक केल्यास तो लहान पण ठळक होतो, मोठे केल्यास पसरट आणि फिका. माझे मत असे की सूर्य चौकटीत असताना धुरकटपणा ठेवावा, कारण पाहणाऱ्याला त्याचे कारण समोर दिसते; पक्ष्यावर पडलेला डाग मात्र ठेवू नये.

पक्षीनोंद: मी याच्याशी सहमत नाही. ठाण्याच्या खाडीत मोठा आणि लहान असे दोन्ही रोहित येतात. मोठ्याची चोच गुलाबी असून फक्त टोक काळे असते, तर लहानाची चोच गडद लाल, दुरून काळपट दिसते. धुरकटपणाने नेमका हाच फरक पुसला जातो. ज्यावरून पक्षी ओळखता येत नाही तो फोटो कितीही देखणा असला तरी नोंदीच्या उपयोगाचा नाही. सकाळी त्याच बाजूने, सूर्य पाठीशी घेऊन काढावा.

जुनी काच: नोंदीसाठी आपले म्हणणे मान्य आहे. पण धागाकर्तीने मावळतीचा फोटो काढला आहे, ओळखपत्राचा नव्हे.

पामबीचकर: माझा प्रश्न थोडा निराळा आहे. पामबीच रस्त्यावर रात्री मोबाईलने फोटो काढला की काळ्या आकाशात हिरवे ठिपके येतात आणि त्यांची मांडणी रस्त्याच्या दिव्यांसारखीच, पण उलटी असते. लेन्स वारंवार पुसली, फरक पडत नाही.

जुनी काच: पुसून ते जाणार नाहीत, कारण सेन्सरवरून उलटलेला प्रकाश पुढच्या काचांवर आदळून परत येतो आणि केंद्राच्या बरोबर विरुद्ध बाजूला उमटतो. दिवा झाडाच्या खोडाआड घ्या, किंवा चौकट अशी धरा की ठिपका आकाशाऐवजी उजळ रस्त्यावर पडेल. कॅमेऱ्यात असे ठिपके आले तर लेन्ससमोरचा सपाट यूव्ही फिल्टर आधी काढून पाहावा. हूडने इथे उपयोग होत नाही. तो चौकटीबाहेरच्या दिव्यासाठी असतो. आकाशातले खोटे दिवे मी तरी ठेवणार नाही.

खाडीकाठ: यूव्ही फिल्टर लावलेलाच होता. ‘डीहेझ’ वाढवून पाहिले, तर होडीची कड काळी झाली, पण पक्ष्यांच्या पोटाखालच्या सावलीत रंगीत ठिपक्यांची खर उठली.

जुनी काच: ती उठणारच. पसरलेल्या प्रकाशाची खरही सावलीत मिसळलेली असते आणि काँट्रास्ट ताणला की तीही ताणली जाते. अर्ध्यावर थांबा.

मुलुंडवाला: तरीही पलीकडच्या इमारतींवरचा फिकेपणा हवेचाच आहे, हे मी सोडत नाही.

जुनी काच: तेवढा भाग बरोबर आहे.

पक्षीनोंद: आणि डागाचे काय? पक्ष्याच्या अंगावरचा डाग पुसून तिथे दुसरीकडची पिसे चिकटवली, तर तो फोटो निसर्गछायाचित्र म्हणून मला मान्य नाही. त्यापेक्षा डाग राहू द्यावा.

खाडीकाठ: मला पिसे चिकटवायची नाहीत आणि डागही नको आहे. त्याच मालिकेत कॅमेरा थोडा डावीकडे वळलेला एक फोटो आहे. त्यात डाग चिखलावर पडला आहे, पण त्या पक्ष्याची मान खाली गेली आहे. दोन्ही इथे टाकते.