घरी कॅफेसारखी कॉफी करणे खरोखर स्वस्त पडते का? यंत्र घेण्याआधी सल्ला हवा

सायली_बाणेर
नमस्कार. कामाच्या दिवशी, म्हणजे महिन्यातून साधारण 22 वेळा, मी ऑफिसच्या इमारतीखालच्या कॅफेतून 220 रुपयांची कॅपुचिनो घेते. महिन्याचे जवळजवळ 4,800 रुपये त्यात जातात, म्हणून घरी एस्प्रेसो यंत्र घ्यावे असा विचार आहे. 15,000 रुपयांचे एक यंत्र पाहून ठेवले आहे. विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार त्याचे पैसे तीन-साडेतीन महिन्यांत वसूल होतात. हा हिशेब कितपत खरा आहे? घरात आम्ही दोघेच आहोत आणि नवरा सध्या चहा पितो.

हिशेबी_माणूस
बिनधास्त घ्या. कॅफेच्या कपात कॉफीपेक्षा जागेचे भाडे आणि पगारच जास्त असतात. घरी 10 रुपयांची पावडर आणि 10 रुपयांचे दूध, म्हणजे 20 रुपयांत कप तयार होतो. दाणे घरच्या मिक्सरवर दळता येतात, त्यामुळे वेगळा ग्राइंडर घेण्याची गरज नाही. यंत्र मात्र 20 बारचे घ्यावे, कारण दाब जितका अधिक तितकी कॉफी कडक.

दाणेदार
भाड्याचा मुद्दा अगदी बरोबर आहे, पण बाकीच्याशी सहमत होता येत नाही. 10 रुपयांचा आकडा इन्स्टंट कॉफीचा आहे. चिकमगळूरकडचे ताजे भाजलेले दाणे मी 250 ग्रॅमला 600 रुपयांच्या आसपास घेतो, आणि दुहेरी शॉटला 18 ग्रॅम लागतात. पाकिटात कागदोपत्री 14 कप बसतात, परंतु प्रत्येक नव्या पाकिटाला दळण जुळवताना दोनेक शॉट वाया जातात, त्यामुळे हाती 12 कप येतात आणि एका कपाचे दाणेच 50 रुपयांना पडतात. दीडशे मिली दुधाचे 10 आणि वीज, सफाई व किरकोळ दुरुस्तीचे 5 धरले, तर घरचा कप 65 रुपयांचा झाला.

दाबाचे म्हणाल, तर एस्प्रेसो 9 बारच्या आसपासच उतरते. खोक्यावरचा 15 किंवा 20 हा आकडा पंपाची कमाल क्षमता सांगतो, त्याने कॉफी कडक होत नाही. मिक्सरमध्ये दाण्यांचा निम्मा भुगा आणि निम्मी कणी होते, आणि पाणी कणीच्या फटींतून पळून जाते. 18 ग्रॅम पुडीतून 36 ग्रॅम कॉफी 25 ते 30 सेकंदांत उतरायला हवी. ती 12 सेकंदांत भसकन खाली आली, रंगाने फिकट असली आणि चवीला आंबट लागली, तर दळण जाड आहे असे समजावे. अशा वेळी यंत्राला दोष देऊन उपयोग नसतो. काही घरगुती यंत्रांबरोबर दुहेरी तळाची जाळी येते, तिच्यात विकतची दळलेली कॉफी चालून जाते. मात्र तिच्यावरचा फेस दिसायला दाट असला तरी चव कॅफेच्या जवळ जात नाही.

म्हणून 15,000 च्या यंत्राबरोबर साधारण 9,000 चा ग्राइंडर, आणि वजनकाटा, दुधाचे भांडे वगैरे 3,000 चे धरा. एकूण 27,000 झाले. कपामागे 155 रुपये वाचले तर 174 कपांनंतर, म्हणजे आठ महिन्यांनी पैसे वसूल होतील. विक्रेत्याने घरचा कप फुकट धरलेला दिसतो आणि ग्राइंडर तर धरलेलाच नाही.

ठाणेकर_काकू
अगं सायली, इतका खर्च कशाला? आमच्याकडे माटुंग्याहून आणलेली चिकोरी घातलेली पूड आणि पितळी फिल्टर, एवढ्यावर कित्येक वर्षे चालले आहे. रात्री पूड भरून वर उकळते पाणी घालून ठेवले की सकाळी डिकॉक्शन तयार असते, आणि कप 20 रुपयांच्या आतच पडतो.

सायली_बाणेर
काकू, फिल्टर कॉफी मलाही आवडते, पण सध्याची सवय कॅपुचिनोची आहे आणि तिलाच पर्याय शोधते आहे. दाणेदार, आपला हिशेब पटला. एक अडचण मात्र सांगायची राहिली. दुपारी चारला आमचा सगळा गट खाली कॉफीला जातो आणि मी बहुधा त्यांच्याबरोबरच जाते. यंत्र आले तर घरची कॉफी सकाळी निघण्यापूर्वी होईल.

दाणेदार
मग सगळा हिशेबच बदलतो. घरी किती कप केले याने बचत होत नाही. विकत घेतलेले किती कप बंद झाले याने होते. समजा चारची फेरी निम्म्या दिवशीच टळली, तर महिन्याला 11 कपांचे 1,705 रुपये वाचतील आणि वसुलीला आठऐवजी सोळा महिने लागतील. त्यात घरात यंत्र आले की चहा पिणारेही कॉफीकडे वळतात. शनिवार-रविवारी दोघांचे मिळून महिन्याला 16 कप होऊ लागले, तर ते पूर्वी कधीच विकत घेतले जात नव्हते, म्हणजे त्यांचे 1,040 रुपये हा नवा खर्च. हाती उरले 665, आणि 27,000 वसूल व्हायला तीन वर्षांहून अधिक काळ लागेल. कामाच्या दिवशी सकाळी घेतलेला कप आणि चारचा कप दोन्ही चालू राहिले, तर तोही वरखर्चच. चांगल्या कॉफीसाठी असा खर्च जरूर करावा, पण त्याला बचत म्हणू नये.

मुक्काम_बंगळुरू
पाण्याबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. आमच्या सोसायटीत बोअरवेल आणि टँकरचे जड पाणी येते. वर्षभरातच यंत्राची वाफ मंदावली, मग पाणी थेंबथेंब येऊ लागले, आणि सेवा केंद्राने क्षार साचल्याचे सांगून हमीत दुरुस्ती नाकारली. बिल यंत्राच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढे झाले. आता गाळलेले मऊ पाणीच वापरतो आणि दर दोन महिन्यांनी यंत्राच्या माहितीपुस्तिकेनुसार सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्याने आतून साफ करतो. किटलीच्या तळाशी पांढरा थर धरत असेल, तर यंत्रातही तोच धरतो आहे असे समजा. दाणेदार यांनी कपामागे धरलेले 5 रुपये अशा घरांना पुरणार नाहीत.

दाणेदार
मान्य आहे, जड पाणी असेल तर ते 10 धरावेत. सायलीताई, माझा सल्ला असा की आधी मोका पॉट घ्यावा. तीन कपांचे भांडे आणि दूध फेसायची बॅटरीवरची छोटी रवी मिळून 3,000 रुपयांत येतात. भाजणाऱ्याकडूनच मोकासाठी दळून मागितले की ग्राइंडरचा खर्च वाचतो. एका वेळी 16 ग्रॅम लागत असल्याने 250 ग्रॅमचे पाकीट पंधरा दिवसांत संपते आणि पूड फार शिळी होत नाही. खालच्या भांड्यात झडपेच्या खालपर्यंत गरम पाणी घ्यावे, पूड सपाट करावी पण दाबू नये, आच मंद ठेवावी, आणि वरच्या नळीतून फसफसण्याचा आवाज येऊ लागताच भांडे उतरवावे. तिथे थांबलात तर कॉफी जळकी, कडू होते. कप 50 रुपयांना पडतो, म्हणजे 170 वाचतात, आणि विकतचे 18 कप टळले की भांडे फुकट झाले.

फेसाळ
मोकाच्या कॉफीला कॅपुचिनो म्हणणे मला जमणार नाही. ती एस्प्रेसोइतकी दाट नसते, आणि त्या रवीने हलका, मोठ्या बुडबुड्यांचा फेस होतो. वाफेने दूध जसे रेशमी होते तसे त्याने होत नाही. ज्यांना फरक कळतो ते महिन्याभरात पुन्हा कॅफेत दिसतात, मग 3,000 ही गेले आणि 220 ही चालूच राहिले.

दाणेदार
दुधाबद्दल आपले म्हणणे खरे आहे. पण दीडशे मिली दुधात मिसळल्यावर मोका आणि 15,000 च्या यंत्राची कॉफी यांत किती जणांना फरक सांगता येईल, याबद्दल मला शंका आहे.

सायली_बाणेर
सर्वांचे आभार. आमच्याही किटलीत पांढरा थर धरतो, त्यामुळे यंत्राचा विचार तूर्त बाजूला ठेवते आणि मोका पॉट मागवते. फक्त एक विचारायचे होते: घरून फ्लास्कमध्ये नेलेली कॉफी चार वाजेपर्यंत पिण्याजोगी राहते का?

फेसाळ
दूध घालून नेली तर फेस बसतो आणि चवही उतरते. काळी कॉफी फ्लास्कमध्ये न्या आणि दूध तिथेच गरम करा, पॅन्ट्रीत मायक्रोवेव्ह असेल तर.