सल्ला हवा: युनोवर पल्सची रुंदी मधूनच निम्मी दिसते, नवीन बोर्ड न घेता उपाय आहे का?

उद्यमबाग_टर्निंग: नमस्कार. आमच्या बेळगावच्या शॉपमध्ये फिरत्या चकतीची खाच सेन्सरसमोरून जाते, त्या पल्सची रुंदी मी युनोच्या टायमर १ वर इनपुट कॅप्चरने मोजतो. प्रीस्केलर ८ आहे, म्हणजे एक टिक अर्धा मायक्रोसेकंद आणि काउंटर ३२.७६८ मिलिसेकंदांनी उलटतो. प्रत्येक ओव्हरफ्लोला मी एक मोजणी वाढवतो. खरी रुंदी ६५.८ च्या आसपास असते, पण अधूनमधून ३३.० दिसते. मला १० मायक्रोसेकंदांपर्यंत अचूकता पुरे आहे. ५०० रुपयांच्या वर खर्च करता येणार नाही.

निपाणीचा_नितीन: आण्णा, युनो सोडा आणि एसटीएम३२ घ्या. त्यातील ३२ बिटांचा टायमर ८४ मेगाहर्ट्झवरही ५१ सेकंदांनी उलटतो. मी दोन वर्षांपूर्वी घेतला आणि हा प्रश्न परत कधी आलाच नाही. प्रोग्रामरसह खर्च थोडा जास्त होईल, पण डोकेदुखी कायमची जाते.

खानापूर_इलेक्ट्रॉनिक्स: आमच्याकडे असाच घोळ ऑप्टोकपलरमुळे झाला होता. पीसी८१७ बंद व्हायला वेळ घेतो, त्यामुळे पल्स लांबते. आधी तो बदलून वेगवान घ्या.

चिकोडी_फर्मवेअर: ऑप्टोने काही मायक्रोसेकंदांची चूक होईल, साहेब, ३२ मिलिसेकंदांची नाही. आकड्यांतला फरक पाहावा: तो जवळजवळ एका पूर्ण ओव्हरफ्लोएवढा आहे, म्हणजे एक ओव्हरफ्लो मोजणीतून निसटतो आहे.

समजा चढत्या कडेला काउंटर ६५,००० वर आणि ओव्हरफ्लोची मोजणी ४ होती, आणि उतरती कड तिसऱ्या ओव्हरफ्लोनंतर अवघ्या ४ टिकांनी आली. बरोबर हिशेब ३ × ६५,५३६ + ४ − ६५,०००, म्हणजे १,३१,६१२ टिक, ६५.८०६ मिलिसेकंद. आता त्या क्षणी `millis()` चा इंटरप्ट चालू असेल, तर ओव्हरफ्लो आणि कॅप्चर दोन्ही रांगेत थांबतात. आणि या चिपमध्ये कॅप्चरचा क्रमांक ओव्हरफ्लोच्या आधी लागतो. तुमचा कॅप्चर इंटरप्ट मोजणी ७ ऐवजी ६ वाचतो आणि उत्तर ३३.०३८ येते. कड मात्र हार्डवेअरने `ICR1` मध्ये अचूक पकडलेली असते. चुकतो तो केवळ वरचा भाग. उपाय असा:

```
ISR(TIMER1_CAPT_vect) {
  uint16_t t = ICR1;
  uint32_t n = ovf;
  if ((TIFR1 & (1 << TOV1)) && t < 0x8000) n++;
  kad = (n << 16) | t;
}
```

`t < 0x8000` ही अट काढू नये. कड ६५,५३० वर पकडली गेली आणि ओव्हरफ्लो त्यानंतर झाला, तरी ध्वज उभाच दिसेल; तेव्हा एक वाढवल्यास उलट चूक होईल. `ovf` ला `volatile` हवे. कडेची दिशा `ICES1` ने बदलल्यावर `ICF1` मध्ये १ लिहून तो ध्वज साफ करावा.

संकेश्वर_सर्व्हिस: एवढे कशाला? बिनचिन्ह वजाबाकी केली की ओव्हरफ्लो आपोआप जुळतो. मी नेहमी तेच करतो.

चिकोडी_फर्मवेअर: रुंदी ६५,५३६ टिकांपेक्षा कमी असेल तोवरच जुळतो. यांची त्याच्या दुप्पट आहे.

गोकाक_विद्यार्थी: `pulseIn()` वापरले तर चालेल ना? माझा अल्ट्रासॉनिक सेन्सर त्यावरच चालतो. आणि `TCCR1A = 0` लिहिले आहे का? आर्डुइनो सुरुवातीलाच टायमर १ पीडब्ल्यूएमसाठी लावून ठेवतो. ते शून्य न केल्यामुळे माझा काउंटर २५५ च्या पुढे जातच नव्हता आणि एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

चिकोडी_फर्मवेअर: `TCCR1A` चे तुमचे निरीक्षण अगदी बरोबर आहे. `pulseIn()` मात्र कड हार्डवेअरने पकडत नाही, पिन सतत वाचत बसतो. मधे इंटरप्ट आला की तेवढी चूक वाढते.

निपाणीचा_नितीन: मूळ युनोत सिरॅमिक रेझोनेटर असतो, क्रिस्टल नसतो. मग अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या टिकचा उपयोग काय? म्हणूनच म्हणतो, एसटीएम३२ घ्या.

उद्यमबाग_टर्निंग: सर्वांचे आभार. `TCCR1A` शून्यच आहे. चिकोडीच्या साहेबांचा हिशेब माझ्या आकड्यांशी तंतोतंत जुळतो, तरीही मी वेगळा मार्ग घेतो आहे: प्रीस्केलर ६४. एक टिक ४ मायक्रोसेकंद, काउंटर २६२.१४४ मिलिसेकंदांनी उलटतो, माझी रुंदी साधारण १६,४५१ टिक होते. मग संकेश्वरची वजाबाकी पुरते आणि ओव्हरफ्लो इंटरप्टच नको.

संकेश्वर_सर्व्हिस: मी हेच सांगत होतो.

चिकोडी_फर्मवेअर: चकती खाचेवरच मंदावली तर? ३०० मिलिसेकंदांची पल्स तुम्हाला ३७.८५६ दिसेल आणि ती खरीच वाटेल. एवढ्यासाठी तरी ओव्हरफ्लोची मोजणी ठेवावी, असे माझे मत आहे.

उद्यमबाग_टर्निंग: ड्राइव्हचा पूर्ण वेग गाठल्याचा सिग्नल दुसऱ्या पिनवर येतो. तो नसताना आलेली मोजमापे मी टाकून देईन.

चिकोडी_फर्मवेअर: पट्टा घसरला तर ड्राइव्ह पूर्ण वेग दाखवेल आणि चकती मात्र मंद असेल. तो सिग्नल मोटरकडून येतो की चकतीकडून, हे आधी पाहावे.